लेकीकडं संध्याकाळ असताना आपली ‘शुभ सकाळ’ कशी पाठवायची

सकाळी साडेसहाला साताऱ्यात मी चहाचं आधण ठेवते तेव्हा कॅलिफोर्नियात माझ्या लेकीकडं आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. म्हणजे मी सोमवारी उठलेय आणि ती अजून रविवारातच आहे. तिचा रविवार संपत आलाय, उद्याचे डबे, उद्याचं ऑफिस डोक्यात फिरायला लागलंय, आणि तेवढ्यात आईकडून गुलाबाच्या फुलांचा फोटो येतो, ‘शुभ सोमवार, नवा आठवडा आनंदाचा जावो’. पहिलं वर्षभर मी हेच करत होते. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, जोडलेले दोन हात परत यायचे आणि मला वाटायचं पोचलं. मग एकदा फोनवर सहज म्हणाली, "आई, रविवारची संध्याकाळ तेवढीच असते गं आम्हाला, त्यात तू सोमवार आणतेस."

ते मला लागलं, आणि तेव्हापासून मी हा सगळा प्रकार नीट समजून घेतला. आता आमच्या ओळखीत कुणाचा मुलगा, सून, भाऊ नव्यानं तिकडं गेला की मी त्यांना बसवून सांगते, तेच इथं लिहितेय. हे सगळं अमेरिकेबद्दल आहे, कारण आपली सकाळ आणि त्यांची संध्याकाळ अशी गाठ पडते ती अमेरिका-कॅनडाशीच. आपल्या साडेसहाला दुबईत पहाटेचे पाच असतात, लंडनमधली माणसं गाढ झोपेत असतात आणि सिडनीत अकरा-बारा वाजून ऑफिसं सुरू झालेली असतात, त्यांचं गणित वेगळं.

आधी त्यांचं घड्याळ आपल्या फोनवर आणा

मोबाईलमध्ये जे घड्याळाचं अ‍ॅप असतं, ज्यात आपण अलार्म लावतो, त्यातच जगातल्या शहरांची वेळ दिसायची सोय असते. ते उघडा, अधिकच्या खुणेवर बोट ठेवा आणि शहराचं नाव टाका. इथं बरेच जण अडकतात, कारण मुलगी ज्या गावात राहते ते गाव कधीकधी यादीत सापडतच नाही. सापडलं नाही तर त्याच वेळेचं मोठं शहर घ्या. कॅलिफोर्निया, सिअ‍ॅटल वगैरे पश्चिमेकडचं असेल तर Los Angeles, न्यू जर्सी, बॉस्टन, अटलांटा असेल तर New York, आणि डॅलस, ह्यूस्टन, शिकागोकडचं असेल तर Chicago. मधे डोंगराळ भागाची आणखी एक वेळ आहे, डेन्व्हर त्यात येतं. आपलं माणूस यातल्या कुठल्या वेळेत बसतं हे एकदा त्यालाच विचारून घ्या, अंदाजानं ठरवू नका, कारण अमेरिका म्हणजे एक वेळ नाही, एका टोकाला जेवणं उरकून निजानीज चाललेली असते तेव्हा दुसऱ्या टोकाला माणूस नुकता ऑफिसातून निघालेला असतो.

नुसतं घड्याळ लावून थांबू नका. शहराच्या नावाखाली बारीक अक्षरात तिकडं ‘काल’ आहे का ‘आज’ हेही लिहिलेलं असतं, आपल्याला खरं काम त्याचंच आहे. आमच्या ह्यांना दिसायला त्रास होतो म्हणून मी स्वयंपाकघरात ओट्याच्या वर दुसरं साधं भिंतीवरचं घड्याळ लावलंय, लेकीच्या वेळेवर. ते सगळ्यात उपयोगी पडलं, पण भिंतीवरच्या घड्याळाला सकाळ-संध्याकाळ कळत नाही आणि वारही कळत नाही, तो हिशोब डोक्यातच ठेवावा लागतो.

तोंडी हिशोब

उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागं असतं. साडेबारा वजा करत बसायची गरज नाही. सकाळची संध्याकाळ करा, अर्धा तास कमी करा आणि एक दिवस मागं जा. आपले सकाळचे साडेसहा, तिकडं संध्याकाळचे सहा, आदल्या दिवशीचे. आपले सात, तिकडं साडेसहा. थंडीत तिकडची घड्याळं एक तास मागं जातात, मग अर्ध्याऐवजी दीड तास कमी करायचा, म्हणजे आपले साडेसहा तेव्हा तिकडं पाच.

न्यू जर्सीला माझे दीर असतात, त्यांच्यासाठी उलटं करायचं. सकाळची संध्याकाळ करायची आणि उन्हाळ्यात अडीच तास मिळवायचे, थंडीत दीड. आपले साडेसहा म्हणजे त्यांच्याकडं उन्हाळ्यात रात्रीचे नऊ आणि थंडीत आठ. दिवस तिथंही मागचाच. आता बघा, एकाच मिनिटाला मी लेकीला आणि दिरांना एकच मेसेज टाकला तर तिला तो कणीक मळताना मिळतो आणि दिरांना गोळ्या घेऊन अंथरुणावर टेकताना मिळतो. म्हणून मी दोघांना वेगळं लिहिते. आणि दिरांना साडेसहाच्या आतच लिहिते, कारण आपले आठ वाजले की त्यांचे साडेदहा होतात, मग फोन उशाशी वाजतो आणि जावेची झोप मोडते.

अजून एक. आपण पाठवलेल्या मेसेजखाली जी वेळ दिसते ती आपली असते, आणि त्यांच्या फोनवर त्याच मेसेजखाली त्यांची वेळ दिसते. आपल्याला ६.३० दिसतं आणि तिला ६.००, संध्याकाळचे. म्हणजे तिच्या फोनवर कुठंच लिहिलेलं नसतं की आईनं हे सकाळी उठून पाठवलंय. तिला फक्त संध्याकाळी सहाला आलेली ‘शुभ सकाळ’ दिसते.

वार आणि तारीख, इथंच सगळ्यात जास्त चुकतं

आपल्याकडं रोज सकाळी जे फोटो फिरत असतात त्यातल्या निम्म्यांवर वार लिहिलेला असतो. गुरुवारी दत्त महाराज, शनिवारी मारुती, सोमवारी शंकर. गुरुवारी सकाळी पाठवलेला ‘शुभ गुरुवार’ तिकडं बुधवारी संध्याकाळी पोचतो. तिची सासूबाईंनी सांगितलेली गुरुवारची पूजा असेल तर ती उद्या सकाळी करणार असते, आणि तुमचा फोटो बघून क्षणभर तिच्या पोटात धस्स होतं की आज गुरुवार होता की काय, विसरले की काय. त्यामुळं वार लिहिलेलं काही पाठवायचंच असेल तर आपल्या संध्याकाळी पाठवा. आपले सात-साडेसात वाजले की तिकडं सकाळ झालेली असते आणि वारही तोच असतो. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी दिवा लावला की मग दत्त महाराज पाठवायचे, ते तिला गुरुवारी सकाळी मिळतात.

संकष्टीचं तर अजूनच वेगळं आहे. चंद्रोदय ज्या त्या गावचा धरायचा असतो, त्यामुळं इथल्या कॅलेंडरवरची वेळ तिला कळवून काही उपयोग नाही, आणि तिकडच्या पंचांगाप्रमाणं कधीकधी तारीखही वेगळी येते. मी फक्त ‘संकष्टी आलीय’ एवढी आठवण आदल्या दिवशी करते, बाकी तिची ती बघते.

वाढदिवसाचं नीट सांगते, कारण नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला मी मोठी चूक केली. त्याचा वाढदिवस १२ ऑगस्टला. मी १२ तारखेला पहाटे पाचला उठून, अंघोळ करून, देवापुढं साखर ठेवून साडेपाचला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं ११ तारखेचे संध्याकाळचे पाच वाजले होते, लेक मीटिंगमध्ये, नातू पाळणाघरात, घरात कुणीच नाही. आणि मग १२ तारखेला जेव्हा त्यांनी खरोखर केक कापला तेव्हा आमच्याकडं १३ ची सकाळ होती आणि मला वाटत होतं आता काय, काल झाला वाढदिवस, म्हणून मी फोन केलाच नाही.

त्याचा हिशोब असा आहे. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात १२ तारीख लागते तेव्हा आपल्याकडं १२ तारखेचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. त्याच्या आधी आपण काहीही पाठवलं तरी ते आदल्या दिवशी पोचणार. १२ ला आपल्या संध्याकाळी साडेसातला तिकडं सकाळचे सात, मुलगा नुकता उठलेला, तेव्हा शुभेच्छांचा मेसेज टाकायचा म्हणजे उठल्या उठल्या पहिला आजीचा. आणि आपली १३ ची सकाळ साडेसहा म्हणजे त्यांच्याकडं १२ तारखेची संध्याकाळ सहा, मेणबत्त्या लावायची वेळ, तेव्हा व्हिडिओ कॉल. म्हणजे आपल्याकडं तारीख उलटून गेली तरी तिकडचा वाढदिवस चालूच असतो, उलट खरा तेव्हाच असतो. मी आता मेसेज सकाळीच निवांत लिहून ठेवते, पाठवत नाही, तो तसाच चॅटमध्ये अर्धवट राहतो, आणि संध्याकाळी साडेसातचा अलार्म लावते ‘वाढदिवस’ नावानं. अलार्म वाजला की फक्त बाणावर बोट ठेवायचं.

मग सकाळी लिहायचं काय

सकाळचा मेसेज बंद करायचा नाही, हे आधी सांगते. बऱ्याच जणांना मुलांनी एकदा टोकलं की ते रुसून लिहायचंच सोडतात. वेळ बदलायची गरज नाही, कारण आपली सकाळ साडेसहा ही कॅलिफोर्नियासाठी दिवसातली सगळ्यात चांगली वेळ आहे, त्यांचं काम आटपत आलेलं असतं आणि झोप लांब असते. बदलायचं आहे ते आतलं.

आपण मराठीत एकमेकांना भेटल्यावर तसंही ‘शुभ सकाळ’ म्हणत नाही. शेजारीण दारात दिसली तर आपण विचारतो, ‘चहा झाला का?’ संध्याकाळी असेल तर ‘स्वयंपाक झाला का?’ तेच वापरायचं, फक्त आपला चहा आणि त्यांचा स्वयंपाक. मी परवा लिहिलेला मेसेज जसाच्या तसा देते:

"आमचा सोमवार उजाडला. पहाटे पावसाची एक सर येऊन गेली, पारिजातकाचा सडा पडलाय पण सगळी फुलं भिजून चिकटली त्यामुळं देवाला चारच मिळाली. बाबांचा चहा झाला, फिरायला गेलेत. तुमची रविवारची जेवणं व्हायची असतील, सावकाश वाच."

त्याच्याखाली ताटलीतल्या चार फुलांचा फोटो. तिनं नऊ मिनिटात उत्तर दिलं, "चारच? शेजारच्या काकूंनी उचलली असतील गं," आणि मग नातवाचा आवाज पाठवला, ‘आजी फूल दाखव’. वर्षभर जोडलेले हात यायचे तिथं हे आलं. कारण हा मेसेज आमच्या घरचा होता, आमच्या अंगणातला, आणि तो तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला पाठवता आला नसता.

यात तीन गोष्टी केल्यात त्या बघा. ‘आमचा सोमवार’ असं म्हटलंय, नुसतं ‘आज सोमवार’ नाही, त्यामुळं तिच्यावर सोमवार येऊन पडत नाही. तिची वेळ ओळखून तिच्या जेवणाचं विचारलंय. आणि ‘सावकाश वाच’ म्हटलंय, कारण संध्याकाळी सहाला ती गाडी चालवत असू शकते, मुलाला आणायला निघालेली असू शकते, उत्तर लगेच आलं नाही तर आपणही वाईट वाटून घ्यायचं नाही. माझ्या जाऊबाई म्हणतात मला एवढं लिहायला जमत नाही बाई, तर त्या बोलून पाठवतात, अर्ध्या मिनिटाचं. ते पण चांगलं, भाजी चिरताना ऐकता येतं, पण पाच मिनिटांचं एकदम बोलू नका, ते मग रात्रीवर जातं आणि ऐकायचंच राहतं.

प्रश्न विचारताना काळ बदलायचा, हे हळूहळू अंगवळणी पडतं. आपला दिवस व्हायचाय आणि त्यांचा झालाय. ‘आज काय करणार?’ हे आपल्या सकाळचं, त्यांना ‘आज काय काय केलंत?’ विचारायचं. ‘उठलीस का?’ हा प्रश्न कितीही प्रेमाचा असला तरी संध्याकाळी सहाला वाचणाऱ्याला कळत नाही काय उत्तर द्यावं.

आणि ‘आज’, ‘उद्या’, ‘रात्री’ हे शब्द एकटे लिहायचे नाहीत. याचं एक सांगते. लेकीनं तिच्या मंगळवारी संध्याकाळी लिहिलं, "उद्या दहाला डॉक्टरकडं जायचंय रिपोर्ट दाखवायला." ते मी वाचलं आमच्या बुधवारी सकाळी. मी धरलं उद्या म्हणजे गुरुवार. तिचा ‘उद्या’ म्हणजे बुधवार सकाळचे दहा, आणि ते म्हणजे आमच्या त्याच बुधवारी रात्रीचे साडेदहा. म्हणजे तिचा उद्या आमच्या आजच रात्री येणार होता. मी त्या रात्री फोन बंद करून झोपले, तिनं दोनदा लावला, रिपोर्ट चांगला आला होता हे सांगायला, आणि तिला आधी आईलाच सांगायचं होतं. आता आम्ही दोघींनी ठरवून टाकलंय, ‘माझ्या बुधवारी सकाळी दहा, तुझ्या बुधवारी रात्री साडेदहा’ असं दोन्ही लिहायचं. लांबलचक वाटतं, पण परत विचारायला लागत नाही.

आपली सकाळ ही त्यांच्यासाठी हजेरी असते

हे मला फार उशिरा कळलं. पावसाळ्यात एकदा आमच्याकडं दीड दिवस लाईट नव्हती, रेंजही गेली, मी लिहू शकले नाही. लेकीनं संध्याकाळी सहाला बघितलं, मेसेज नाही. साडेसहाला नाही. मग तिनं लिहिलं तर तिला एकच खूण दिसत होती, म्हणजे मेसेज निघालाय पण आमच्या फोनपर्यंत पोचलेला नाही. दोन खुणा आल्या असत्या तर तिला कळलं असतं की फोन निदान चालू आहे. तिनं शेजाऱ्यांना लावला, मामाला लावला, शेवटी गल्लीतल्या दुकानदाराला लावून माणूस पाठवला. तो दारात आला तेव्हा मी शेंगा निवडत बसले होते.

तेव्हा समजलं की ती माझ्या सकाळच्या मेसेजवरून बघते, आई उठली, बाबा उठले, सगळं ठीक आहे. म्हणून आता गावाला जाणार असू, लग्नकार्य असेल, पहाटेची गाडी असेल, तर आदल्या दिवशीच लिहिते, "उद्या आमच्या सकाळी मेसेज येणार नाही, कोल्हापूरला चाललोय, पोचलो की तुझ्या रात्री दहापर्यंत लिहीन." आणि अंगात बरं नसेल त्या दिवशीही दोन शब्द टाकते. बरं नाही हे लपवायला म्हणून जुना फुलांचा फोटो पाठवला तर त्यांना लगेच कळतं, कारण रोज चार ओळी लिहिणारी आई अचानक फोटोवर आली म्हणजे काहीतरी आहे.

अवेळी फोन करायची पाळी आली तर पहिलं वाक्य ठरलेलं ठेवा. ‘काही नाही, सहज केला’, किंवा ‘सगळे ठीक आहेत, एक विचारायचं होतं’. रात्री दोनला भारतातून आलेला फोन उचलताना त्यांचे हात थरथरतात. आधी खुशाली सांगायची आणि मग विषय काढायचा.

त्यांच्या रात्री

कॅलिफोर्नियासाठी उन्हाळ्यात आपल्या सकाळी साडेदहापासून संध्याकाळी सातपर्यंतचा वेळ म्हणजे त्यांची रात्र. आपली दुपार म्हणजे त्यांची मध्यरात्र, आणि दुपारीच आपल्याला निवांतपणा असतो, जेवणं झालेली असतात, तेव्हाच हात फोनकडं जातो. लेकीला एकदा सरळ विचारून घ्या की रात्री फोनचा आवाज बंद असतो का. बंद असेल तर दुपारी लिहिलं तरी चालतं, तिला सकाळी उठून दिसेल. पण लहान मूल असेल, किंवा जावई रात्रीच्या ड्यूटीसाठी फोन चालू ठेवत असतील तर विषयच संपला, लिहून ठेवायचं आणि संध्याकाळी पाठवायचं. आणि एक लक्षात ठेवा, तिनं आपलं चॅट म्यूट केलेलं असलं तरी त्यानं मेसेजचा आवाज थांबतो, कॉल वाजतोच. चुकून हात लागून व्हिडिओ कॉल लागला तर तो रात्री दोनला तिच्या उशाशी वाजणार. त्यामुळं दुपारी फोटो बघायला चॅट उघडायचं तर वरच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या खुणेपासून बोट लांब ठेवा.

घरचा मोठा ग्रुप

आमच्या घरच्या ग्रुपवर एकतीस माणसं आहेत, सातारा, पुणे, ठाणे, मडगाव, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि एक भाचा मेलबर्नला. सकाळी सहा ते आठ यात वीस-बावीस तरी शुभ सकाळ येतात. त्यातच एकदा मोठ्या नणंदेच्या यजमानांना रात्री दवाखान्यात ठेवलं, सकाळी सातला भाच्यानं तिथंच लिहिलं, आणि त्याच्यावर फुलं, सूर्य, सुविचार येत राहिले. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या पुतणीनं वरवर बघितलं, नेहमीचंच आहे म्हणून पुढं गेली, तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तिला आजही ते टोचतं.

तेव्हा आम्ही दोन ग्रुप केले. जुना तसाच ठेवला, त्यावर कुणी काहीही पाठवावं, परदेशातल्यांनी तो खुशाल म्यूट करावा, राग नाही. दुसरा ‘घरची खबर’ नावाचा, त्यावर फक्त बातमी, फोटो पाठवायचा तर स्वतः काढलेला. तो म्यूट करायचा नाही. मोठ्यांना आधी पटत नव्हतं, त्यांना वाटलं आपलं पाठवलेलं नको झालंय. त्यांना मी माझ्या फोनवर दाखवलं, बाकी काही न बोलता, ती दवाखान्याची ओळ शोधून काढायला किती वेळ वर सरकवत जावं लागतं ते. मग सगळे हो म्हणाले. दिवाळीत पहाटे पहिल्या अंघोळीचे फोटो आता याच ग्रुपवर येतात, उटणं, पणत्या, चिवड्याचं ताट. फक्त तिकडच्यांना ‘झाली का अंघोळ?’ विचारायचं नाही, कारण आपली पहाट पाचची असते तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीची दुपार साडेतीन असते, दिवाळी ऑक्टोबरात आली तर साडेचार, त्यांची दिवाळी उजाडायला अजून एक रात्र जायची असते.

नोव्हेंबर आणि मार्च

वर्षातून दोनदा हे सगळं एक तासानं सरकतं आणि नवीन माणूस हमखास तिथं गोंधळतो. तिकडं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागं. २०२६ मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. आपल्याकडं काहीच बदलत नाही. फोनमधलं घड्याळ आपोआप बदलतं, भिंतीवरचं आपल्याला बदलावं लागतं. अ‍ॅरिझोनात मात्र बहुतेक ठिकाणी घड्याळ बदलतच नाहीत, फिनिक्सला कुणी असेल तर हा सगळा भाग त्यांना लागू नाही, आपल्याशी बारा महिने साडेबारा तासांचाच फरक.

हा बदल तिकडं रविवारी पहाटे दोनला होतो, आणि तेव्हा कॅलिफोर्नियाच्या हिशोबानं आपल्याकडं रविवारची दुपार झालेली असते. त्यामुळं रविवारी सकाळी आपल्याला काहीच फरक जाणवत नाही, नेहमीसारखं बोलणं होतं, आणि सोमवारी सकाळी गाडी चुकते. नोव्हेंबरमधल्या त्या सोमवारी मी साडेसहाला फोन लावला तर लेक अजून बाहेरच होती, कारण तिकडं सहा नव्हे, पाच वाजले होते. मग आम्ही ठरवलं की थंडीभर बोलायची वेळ साडेसात, म्हणजे तिचे सहाच राहतात. मार्च आला की परत साडेसहा. दिरांचं तसं नाही, त्यांना थंडीत उलट बरं पडतं, माझे साडेसहा तेव्हा त्यांचे आठ होतात, जेवून नुकतेच बसलेले असतात, जरा जास्त बोलणं होतं.

मी कॅलेंडरवर त्या दोन रविवारांच्या पुढच्या सोमवारी लाल पेननं ‘घड्याळ’ लिहून ठेवते. रविवारी रात्री झोपायच्या आधी स्टुलावर चढून ओट्यावरचं घड्याळ हे बदलतात, मी खालून फोनमधली वेळ वाचून दाखवते.